शून्याचा बाक

दैवशाला मॅडम ह्या कॉलेजातून एकदाच्या जाव्यात, एवढंच करिश्माला हवं होतं. नवस बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, पण ह्या एका कामासाठी ती तेही करायला तयार होती. मॅडमच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून आला की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

आणि का जाऊ नये? दहावीला गावच्या शाळेत पहिली आलेली पोरगी. बापाच्या शेळ्यांमागं फिरत फिरत पाढे म्हणणारी. सकाळची एसटी धरून कळंबला अकरावी सायन्सला यायची, तर इथं ह्या बाईनं तिला शून्याच्या बाकावर बसवली.

शून्याचा बाक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण असलं खूळ दुसऱ्या कुठल्या वर्गात नसेल. वर्गात फळ्याच्या अगदी पुढ्यात, डाव्या अंगाला एक बाक होता. खडूची सगळी भुकटी त्याच्यावर पडायची. सिंथेटिक डिव्हिजन, म्हणजे नुसते सहगुणक मांडून बहुपदीचा भागाकार, करताना जो कोणी शून्य मांडायला विसरेल त्यानं आठवडाभर तिथं बसायचं, हा दैवशाला मॅडमचा कायदा. एखाद्या बहुपदीत x चा घन आहे, वर्ग आहे, सुटा आकडा आहे, पण मधला नुसता x नाही. तर सहगुणकांची ओळ मांडताना त्या नसलेल्या x च्या जागी शून्य लिहायचं. ते नाही लिहिलं तर पुढचे आकडे एकेक घर पुढं सरकतात आणि सगळा भागाकार नासतो. बस, एवढीच गोष्ट. पण मॅडम त्या एवढ्याशा गोष्टीपायी जीव खायच्या. "नसतं ते आधी बघायचं," म्हणायच्या. "असतं ते कुणालाही दिसतं."

पहिल्या सत्राच्या परीक्षेत करिश्माचं तेच झालं. x दोनाकडे जाताना एका अपूर्णांकाची लिमिट, म्हणजे त्याची किंमत कुठं जाऊन टेकते ते, काढायचं होतं. वर x³ − 7x + 6. x च्या वर्गाचं पद नव्हतं, आणि घाईघाईत तिनं ओळ मांडली ती 1, −7, 6 अशी. बाकी उरली वजा चार. उत्तर कसं जुळणार? मॅडमनी सबंध गणितावर लाल काट मारली. पायरीचा एकही मार्क नाही. एक आठवडा ती त्या बाकावर खडू खात बसली, तेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण मॅडम तिथं थांबल्या नाहीत.

बाजाराच्या दिवशी तिची आई सिताबाई शेळ्यांच्या बाजाराला आली होती. लेकीची चौकशी करावी म्हणून कॉलेजात डोकावली. व्हरांड्यात मॅडम भेटल्या. आईनं पदर सावरून विचारलं, "मॅडम, पोरीचं कसं काय चाललंय? इंजिनिअरिंगला जायाचं म्हणती."

"हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण घाईची आहे. घाईत जे नाही ते तिला दिसतच नाही. अशी मुलं इंजिनिअरिंगला जातात आणि वर्षाभरात परत फिरतात. पाया कच्चा आहे, सिताबाई."

झालं! त्या दिवसापासून घरात एकच पालुपद. "मॅडम म्हणल्या घाईची हाय. त्यापरीस नर्सिंगला घालू. मामाची पोरगी गेली तिकडं, बरं चाललंय तिचं." करिश्मानं आदळआपट केली, जेवण सोडलं, रडून बघितलं. आईचं आपलं एकच, मॅडम म्हणल्या. त्या एका शब्दापुढं तिचे दहावीचे मार्क फिके पडले. मग तिला त्या बाईचा राग येणार नाही तर काय लोभ येणार?

त्यातच बातमी आली की मॅडमची जागा जायची शक्यता आहे. मॅडम इतकी वर्षं तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचा पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील न ठेवतील. आता कॉलेजात गणिताचं पूर्ण वेळेचं पद निघालं होतं. दोन उमेदवार शेवटपर्यंत आले होते. एक मॅडम, आणि दुसरे संस्थेच्या सचिवांचे भाचे युवराज सर. ज्याची निवड होईल तोच ह्या वर्गाला बारावीलाही शिकवणार होता. युवराज सर झाले की शून्याचा बाक गेला, आणि आईला कोण काय म्हणालं त्यालाही अर्थ उरला नाही.

दोघांच्या डेमोच्या, म्हणजे वर्गापुढं शिकवून दाखवायच्या, आदल्या दिवशी उपप्राचार्य वैजनाथ सर वर्गात आले आणि दार लोटून घेतलं.

"उद्या तुमच्यासमोर दोघंही शिकवणार. धाराशिवहून तज्ज्ञ येणारेत, ते मागं बसून बघतील," सर म्हणाले. "युवराज सर शिकवताना हसतमुखानं बसायचं. माना हलवायच्या. आणि दैवशाला मॅडमच्या वेळेस तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्या विचारतील, तुम्ही गप्प. कळलं का?"

"कळलं सर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. बाकाची शिक्षा भोगली नव्हती असं त्या वर्गात होतं कोण?

सरांची नजर करिश्मावर आली. "तू जरा चलाख दिसतीस. धडा लिमिटचाच आहे. मॅडमनी वरचा आणि खालचा अवयव काटला, की उठून, गणितात जो आकडा असेल तो घेऊन विचारायचं, मॅडम, x समजा दोन असेल तर x वजा दोन म्हणजे शून्यच की, मग शून्यानं शून्याला काटता कसं? बघू काय बोलतात."

"विचारते की सर," करिश्मा म्हणाली. तिनं तो प्रश्न एसटीत बसून घरापर्यंत घोकला. इतक्या आनंदानं तिनं आयुष्यात काही पाठ केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाराशिवचे तज्ज्ञ आले. उंच, वाळकं अंग, कपाळाला आठी, कुणाशी हसणं नाही की बोलणं नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वैजनाथ सर दाराशी उभे राहिले. दैवशाला मॅडमना ऑफिसात बसवून ठेवलं होतं, कारण दोघांना एकच गणित द्यायचं तज्ज्ञांनी ठरवलं होतं.

युवराज सर आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. "काय मंडळी, जेवलात का?" म्हणाले. पोरं खुलली. सोनाली करिश्माच्या शेजारी बसायची, ती कानात म्हणाली, "लई भारी हायत की गं हे!" करिश्मानं जोरात मान हलवली. माना हलवायच्याच होत्या.

तज्ज्ञांनी दिलेलं गणित सरांनी फळ्यावर उतरवलं. x दोनाकडे जाताना लिमिट. वर x³ − 3x² + 4. खाली x³ − 2x² − 4x + 8.

"आधी दोन टाकून बघू," सर म्हणाले. "वर आठ वजा बारा अधिक चार, शून्य. खाली आठ वजा आठ वजा आठ अधिक आठ, शून्य. शून्याखाली शून्य. म्हणजे x वजा दोन हा अवयव वर पण लपून बसलाय आणि खाली पण. त्याला सिंथेटिक डिव्हिजननं बाहेर काढायचं, दोन्हीकडून काटायचं आणि मग दोन टाकायचे. सोपं आहे ना?"

"हो सर!" पोरं म्हणाली. बोलणं बरोबर होतं आणि गोडही होतं. करिश्माला वाटलं, हे असं शिकवणं असतं! ती बाई म्हणजे नुसता जाच.

सरांनी डावीकडं दोन लिहिले, उभी रेघ मारली आणि वरच्या बहुपदीची ओळ मांडली. 1, −3, 4.

करिश्माची हलणारी मान थांबली.

ओळीत भोक होतं. −3 आणि 4 च्या मधे. वर x चं पद नव्हतं, तिथं शून्य पाहिजे होतं, आणि ते नव्हतं. तिनं सोनालीकडं बघितलं. सोनाली फळ्याकडं डोळे फाडून बघत होती. पलीकडच्या रांगेतली पोरं चुळबुळायला लागली. सगळ्यांना दिसलं होतं. न दिसून कसं चालेल? त्यापायी सगळ्यांनी खडू खाल्ला होता.

"एक खाली उतरवला," सर म्हणत होते. "दोन एके दोन, वजा तीनात मिळवले, वजा एक. दोन गुणिले वजा एक, वजा दोन. चारात मिळवले, बाकी... दोन."

सर थबकले. बाकी शून्य यायला पाहिजे होती. त्यांनी पुसलं, परत केलं, परत दोनच आले. वेळ चालली होती, मागं तज्ज्ञ बसले होते, दारात सचिवांचा माणूस, वैजनाथ सर, उभे होते. मानेवरून घाम निघाला. मग माणूस घाबरल्यावर जे करतो तेच त्यांनी केलं, आवाज चढवला.

"तर वर बाकी उरते, म्हणजे वर हा अवयव नाहीच. फक्त खाली आहे. म्हणून ही लिमिट अस्तित्वात नाही. लिहून घ्या."

गप्प बस, करिश्मा स्वतःला म्हणाली. तुझं काय जातंय? लिमिट असो नाहीतर नसो, ती बाई जाती ना, मग झालं तर. तिनं ओठ आवळले. फळ्यावरून नजर काढून खिडकीबाहेर लावली. पण ते भोक डोळ्यापुढनं हलेना. मघाशी ह्याच माणसानं दोन टाकून शून्य काढलं, आणि आता भागून बाकी दोन म्हणतोय. अरे, बाकी म्हणजे दुसरं काय असतं? दोन टाकल्यावर जे येतं तीच बाकी. एक तर ते खोटं नाहीतर हे खोटं. घशाशी आलेलं ते तिला गिळवेना.

"सर, x चं शून्य राहिलं!"

बोलून गेल्यावर तिला कळलं की ती बोलली. उभीसुद्धा राहिली होती.

सोनालीनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं.

"कोण ते?" युवराज सर वळले. तोंडावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "मला शिकवतेस? नाव काय तुझं? बस खाली!"

आता बसायचं सोडून ही भवानी पुढं बोलायला लागली. "सर, दोन टाकल्यावर शून्य आलं ना? मग भागून बाकी दोन कशी येईल? दोन्ही एकच असतंय. मधलं शून्य मांडा, मग जमंल."

"ए, बस म्हणलं ना तुला!" वैजनाथ सर दारातून खेकसले.

मागून तज्ज्ञांचा आवाज आला. "चालू द्या, युवराज. मांडा शून्य."

सरांनी शून्य मांडलं. 1, −3, 0, 4. खाली आलं 1, −1, −2 आणि बाकी शून्य. मग खालची ओळ, 1, −2, −4, 8, तिचं झालं 1, 0, −4 आणि बाकी शून्य. वर उरलं x² − x − 2, खाली x² − 4, आणि x वजा दोन दोन्हीकडून काटला गेला. सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. हात झटकले. "आता संपलं," म्हणाले.

आता इथं त्या वर्गाची खोड सांगायला पाहिजे. दैवशाला मॅडम अवयव काटला की दर वेळेला विचारायच्या, "आता संपलं का?" आणि वर्गानं ओरडायचं, "टाकून बघा!" कुणी ओरडलं नाही तर ते गणित पहिल्यापासून. महिनोन् महिने हेच. पोरांना झोपेत विचारलं असतं तरी तेच बोलली असती.

"टाकून बघा!" अख्खा वर्ग गरजला.

आणि गरजून झाल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. वैजनाथ सरांनी कपाळाला हात लावला.

युवराज सरांनी दोन टाकले. वर चार वजा दोन वजा दोन, शून्य. खाली चार वजा चार, शून्य. परत शून्याखाली शून्य. "हे... असं होऊ शकतं कधी कधी," म्हणाले. "म्हणजे नाहीच लिमिट."

"परत भागा सर," कुणीतरी मागून पुटपुटलं. "अजून एक लपलाय." कोण बोललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. करिश्मा नव्हती, तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

परत भागलं तेव्हा वर x + 1 राहिला आणि खाली x + 2. दोन टाकले, तीन चतुर्थांश. सरांनी उत्तराखाली रेघसुद्धा मारली नाही. वर्गाकडं न बघता निघून गेले.

"बाई गं, काय केलंस हे?" सोनाली दात खाऊन म्हणाली. "ती अवदसा जाणार हुती की! तुला कुणी सांगितलं हुतं मधी बोलायला?"

करिश्माला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण अजून वेळ होती. मॅडमचा डेमो व्हायचा होता, आणि तो प्रश्न तिच्याजवळ होता. केलेली घाण ती निस्तरणार होती.

फळा पुसला गेला. दैवशाला मॅडम आल्या. तीच ती फिकट साडी, तीच ती न हसणारी जिवणी. मघाशी काय घडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गणित मांडलं, दोन टाकून शून्याखाली शून्य दाखवलं आणि वर्गाला विचारलं, "ओळीत काय नाही?"

कुणी बोललं नाही.

मॅडमनी वाट बघितली. साठ तोंडं मिटलेली. त्यांनी एकदा दारातल्या वैजनाथ सरांकडं बघितलं आणि त्यांना सगळं समजलं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. क्षणभर खडू धरलेला हात खाली आला. करिश्माला बरं वाटलं. भोगा, ती मनात म्हणाली.

"x चं पद नाही," मॅडमनी स्वतःच सांगितलं आणि शून्य मांडलं. एक दगडी वर्ग पुढ्यात घेऊन त्या शिकवत राहिल्या. भागाकार झाला, अवयव बाहेर आला, वरून खालून काट मारली. करिश्मा ताडकन उठली.

"मॅडम, x दोन असेल तर x वजा दोन म्हणजे शून्यच की. मग शून्यानं शून्याला काटता कसं?"

मॅडम वळल्या. "हा प्रश्न तुझा नाही, करिश्मा," त्या म्हणाल्या. "तुझा असता तर पहिल्याच तासाला विचारला असतास. पण प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर देते. लिमिटमधे x दोनाच्या जवळ जातो. दोन होत नाही. एक पूर्णांक नऊ दशांश होईल, दोन पूर्णांक एक शतांश होईल, पण दोन नाही. म्हणून x वजा दोन हा कितीही लहान असला तरी शून्य नसतो, आणि शून्य नसलेल्यानं काटायला कुणाची हरकत नाही. काटून झाल्यावर दोन टाकून काय उरतं ते बघायचं. ह्याच्या उलट केलंस, आधी दोन ठेवून मग काटलंस, तर तू म्हणतेस ती चूक होईल. बस."

करिश्मा बसली. पहिल्यांदाच तिला ते नीट कळलं, आणि नेमकं ह्या बाईकडून कळलं म्हणून तिची आणखीच जळफळ झाली.

"आता संपलं का?" मॅडमनी विचारलं.

जिभेच्या टोकावर आलं होतं सगळ्यांच्या. दात आवळून बसले.

"मग मीच टाकून बघते," मॅडम म्हणाल्या. परत शून्याखाली शून्य दाखवलं, परत भागलं, तीन चतुर्थांश काढलं आणि खडू जागेवर ठेवला.

तज्ज्ञ मागून उठून पुढं आले. वर्गाकडं बघून म्हणाले, "मघाशी तर लई ओरडत होता. आता दातखीळ बसली काय?" त्यांनी करिश्माकडं बोट केलं. "तू. उभी राहा. ह्या मॅडम कशा शिकवतात?"

वैजनाथ सरांनी दारातून मान डोलवली. बोल, बोल.

"लई वाईट," करिश्मा म्हणाली. एकदा तोंड सुटलं ते सुटलं. "लई छळतात सर. शून्य राहिलं तर खडूत बसवतात आठवडाभर. सगळं गणित बरोबर असलं तरी एक मार्क देत न्हाईत. एकच गणित धा वेळा करून घेतात. कधी हसत न्हाईत, कधी बरं म्हणत न्हाईत. माझ्या आईला सांगितलं पोरगी कच्ची हाय म्हणून. माझं इंजिनिअरिंग बुडवलं ह्यांनी! कुणालाच आवडत न्हाईत त्या. विचारा कुणालाबी."

मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या. कान लाल झाले होते.

"बरं," तज्ज्ञ म्हणाले. "मघाशी त्या सरांना शून्य राहिलं म्हणालीस. बाकी म्हणजेच किंमत, असंही म्हणालीस. तुम्ही सगळे टाकून बघा म्हणून ओरडलात. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मॅडमनी चटकन मान वर केली.

खोटं बोलायला किती वेळ लागतो? दहावीच्या सरांनी, म्हणता आलं असतं. मोबाईलवर बघितलं, म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. वैजनाथ सर डोळे वटारून बघत होते, सोनाली खालून पाय मारत होती, आणि घरात आई नर्सिंगचं घोकत होती.

"बोल की!" तज्ज्ञ म्हणाले.

"ह्यांनीच," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "ह्यांनीच शिकवलं. दुसऱ्या कुणी न्हाय."

दोन दिवसांनी सूचनाफलकावर नाव लागलं. पूर्ण वेळेच्या पदावर दैवशाला मॅडम. तज्ज्ञांनी दुसऱ्या नावावर सही करायला साफ नकार दिला, आणि सचिवांचं त्यांच्यापुढं काही चाललं नाही, असं ऑफिसातले लोक दबक्या आवाजात सांगत होते.

त्या दिवशी करिश्मा वर्गात आली तेव्हा सोनालीनं तिच्या जागेवर दप्तर ठेवलं होतं.

"जागा न्हाय," सोनाली म्हणाली. "बारावीपर्यंत भोगायचंय आता आमाला, तुझ्यापायी. तूच बस जा तिकडं तुझ्या मॅडमजवळ."

दुसऱ्या रांगेत गेली, तिथंही तेच. कुणी सरकेना, कुणी बघेना. शेवटी पाय आपटत ती शून्याच्या बाकावर जाऊन बसली. एकटीच. वाटलं, उठावं, एसटी धरावी आणि घरी जाऊन सांगावं, घाल मला नर्सिंगला, सुटू दे ह्या सगळ्यातून.

मॅडम आल्या. तिला तिथं बघून थांबल्या. "तुला कुणी सांगितलं इथं बसायला? तुझं शून्य राहिलं नव्हतं."

"दुसरीकडं जागा न्हाय."

मॅडमनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. त्यांना कळलं.

"तुमच्यासाठी नव्हते बोलले मी," करिश्मा ताठ मानेनं म्हणाली. "तुमी जायला पायजे हुतं."

"ठाऊक आहे मला," मॅडम म्हणाल्या. "माझी बाजू घेऊन बोलली असतीस तर त्या तज्ज्ञांनी तुझं बोलणं खरं धरलं नसतं." मग खडू उचलून म्हणाल्या, "आईला पुढच्या बाजारी घेऊन ये. घाईची आहे असं मी म्हणाले होते. आता तुला नसलेलंही दिसतं, तेही मलाच सांगायला पाहिजे."

आभार मानायची करिश्माची मुळीच तयारी नव्हती.

मॅडमनी फळ्यावर नवीन लिमिट मांडली. x एकाकडे जाताना, वर x³ − 3x + 2. बाजूला एक लिहिला, उभी रेघ मारली आणि ओळ मांडली. 1, −3, 2. मग खडू धरून फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

वर्गाचं पद नव्हतं, आणि शून्य नव्हतं. मुद्दाम केलं होतं, ते आंधळ्यालाही कळलं असतं. वर्ग मुका बसला. करिश्मानं तर जीभ दातांखाली धरली. मागच्या वेळी बोलून काय मिळालं ते बघितलं होतं. आता मेली तरी बोलणार नव्हती. मॅडम हलेनात. बाक करकरायला लागले. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी पेन आपटलं.

"मॅडम, वर्गाचं शून्य राहिलं!"

सोनाली होती. बोलली आणि तोंडावर हात मारून घेतला. करिश्मानं गर्रकन मागं वळून तिच्याकडं बघितलं. सोनालीनं नजर चोरली, मग हळूच शेजारचं दप्तर उचलून खाली ठेवलं.

मॅडमनी शून्य मांडलं. 1, 0, −3, 2. भागलं, बाकी शून्य आली, खालचंही भागलं, अवयव काटला. मग पहिल्यासारखंच, न हसता, त्यांनी वर्गाला विचारलं, "आता संपलं का?"

"टाकून बघा!" वर्ग ओरडला. सगळ्यात मोठा आवाज करिश्माचा होता, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.